एक भिंत, पाच उत्तरं: रोध कुठे मिळवायचे आणि कुठे नाहीत

४१ वॅट, १३९ वॅट, १५९ वॅट, १६८ वॅट आणि ४८६ वॅट. एकाच भिंतीतून आत शिरणाऱ्या उष्णतेची ही पाच उत्तरं आहेत. आकडे सगळ्या विद्यार्थ्यांनी तेच घेतले, सूत्र सगळ्यांनी तेच वापरलं, कॅल्क्युलेटरवर कुणाचीही चूक झालेली नाही. पाचातली तीन उत्तरं चूक आहेत आणि दोन चालतात. चालणारी दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, ही यातली खरी गंमत. त्याकडे शेवटी येऊ.

भिंत आहे सोलापुरातल्या डाळिंबाच्या कोल्डरूमची. जिल्ह्यात डाळिंब एवढं पिकतं की राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच आहे, तेव्हा उदाहरण शोधायला लांब जायला नको. डाळिंब साधारण ५ ते ७ अंशांत ठेवतात. त्याहून खूप थंड केलं तर सालीवर डाग पडतात, दाण्यांचा रंग जातो. म्हणून भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान ६ अंश धरू. बाहेरची बाजू पश्चिमेची. मे महिन्यातली दुपार, ऊन थेट भिंतीवर, म्हणून बाहेरचा पृष्ठभाग ४६ अंश. दोहोंतला फरक ४० अंश.

भिंत ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच, म्हणजे १० चौरस मीटर. बाहेरून २३ सेंटिमीटर विटांचं बांधकाम. त्याच्या आत १० सेंटिमीटरचा थर, आणि खरी मेख याच थरात आहे: त्यातल्या ९ चौरस मीटरवर थर्माकोल बसवलाय आणि उरलेल्या १ चौरस मीटरवर तो थर्माकोल धरून ठेवणाऱ्या लाकडी रिपा आहेत. सगळ्यात आत २ सेंटिमीटर सिमेंट प्लास्टर. उष्णतावाहकता, म्हणजे k, वीट आणि प्लास्टरसाठी ०.८, थर्माकोलसाठी ०.०३६ आणि लाकडासाठी ०.१६ धरू. एकक वॅट प्रति मीटर प्रति अंश. प्रत्यक्षात वीट कशी भाजली, लाकूड कुठलं, यानुसार हे आकडे थोडे हलतात, पण आपल्याला तपासायची आहे ती जोडणी.

सूत्र दोनच. प्रत्येक तुकड्याचा रोध R = L / (k × A), आणि एकूण उष्णता Q = ΔT / R. यात L म्हणजे उष्णतेच्या वाटेतली जाडी, A म्हणजे त्या तुकड्याचं क्षेत्रफळ आणि ΔT म्हणजे दोन बाजूंच्या तापमानांतला फरक. आकडे घातले की विटांचा रोध ०.०२८८, थर्माकोलचा ०.३०९, लाकडाचा ०.६२५ आणि प्लास्टरचा ०.००२५ येतो. एकक अंश प्रति वॅट.

इथपर्यंत सगळे बरोबर असतात. घोळ पुढच्या ओळीत होतो.

पहिलं उत्तर ४१ वॅट. ते असं आलं: चार रोध लिहिले, खाली रेघ मारली, बेरीज केली. ०.९६५. चाळीसला त्याने भागलं की ४१.५. वहीत चार तुकडे एकाखाली एक लिहिलेले असतात, त्यामुळे ते भिंतीतही एकामागे एक आहेत असा भास होतो. पण थर्माकोल आणि लाकूड भिंतीत एकमेकांच्या शेजारी आहेत. बाहेरून आत येणारी उष्णता आधी थर्माकोल आणि मग लाकूड असं ओलांडत नाही; तिचा काही भाग थर्माकोलमधून येतो आणि काही लाकडातून. गड्ड्याच्या जत्रेत एकामागे एक दोन दारं असतील तर गर्दी तुंबते, शेजारी शेजारी दोन दारं असतील तर ती लवकर सरकते. इथे दारं शेजारी आहेत.

हे कळलं तरी ४१ हे उत्तर चूक आहे हे पुन्हा गणित न करता कसं ओळखायचं? माझ्या मते सगळ्यात चांगली कसोटी ही: तो मधला थर एकदा पूर्ण थर्माकोलचा आहे असं समजा आणि एकदा पूर्ण लाकडाचा. या दोन्ही भिंतींत शेजारी-शेजारी काहीच नाही, नुसते थर आहेत, त्यामुळे चुकायला वाव नाही. पूर्ण थर्माकोल असेल तर त्या थराचा रोध ०.२७८, वीट आणि प्लास्टर धरून ०.३०९, आणि उष्णता १२९ वॅट. पूर्ण लाकूड असेल तर थराचा रोध ०.०६२५, एकूण ०.०९४, आणि उष्णता ४२७ वॅट. आपली खरी भिंत या दोघींच्या मधली आहे. थर्माकोलचा एक दशांश भाग काढून तिथे त्याहून चौपट-साडेचौपट उष्णता वाहणारं लाकूड घातलंय. म्हणजे उत्तर १२९ पेक्षा जास्त आणि ४२७ पेक्षा कमी असायलाच हवं. ४१ वॅट म्हणजे लाकूड घातल्यामुळे भिंत पूर्ण थर्माकोलपेक्षाही तिपटीने चांगली झाली! तसं असतं तर थर्माकोल काढून सगळीकडे लाकूडच ठोकायला हवं होतं.

या चुकीमागे एक फसवा आकडा आहे. वर पाहा, लाकडाचा रोध ०.६२५ आणि थर्माकोलचा ०.३०९. पाहणाऱ्याला वाटतं, लाकूडच जास्त अडवतंय की! ‘सर, लाकडाचा रोध दुप्पट आलाय, मग ते मिळवल्यावर उष्णता कमीच व्हायला पाहिजे ना?’ हा प्रश्न विचारणारा मुलगा विचार करतोय, फक्त त्याची नजर A वरून घसरलीय. लाकडाचा रोध मोठा दिसतो तो त्याला फक्त १ चौरस मीटर जागा मिळालीय म्हणून. वाट अरुंद असल्याने रोध मोठा आहे, पदार्थ चांगला असल्याने नाही. रिपा आणखी बारीक केल्या तर त्यांचा रोध आणखी वाढेल, आणि तेव्हाही त्या थर्माकोलपेक्षा वाईटच असतील.

४१ वॅटवाल्या उत्तराला आणखी एका बाजूने पकडता येतं. ते उत्तर खरं मानून तापमान उतरवत जा. ४६ पासून सुरुवात, विटांत १.२ अंश उतरले, उरले ४४.८. थर्माकोलमध्ये १२.८ उतरले, उरले ३२. मग लाकडात २५.९ उतरले. आता विचारा: ३२ अंश तापमानाची ती जागा भिंतीत कुठे आहे? थर्माकोल संपतो आणि लाकूड सुरू होतं अशी, पूर्ण भिंतभर पसरलेली पातळी? बोट ठेवून दाखवा. दाखवता येत नाही, कारण अशी पातळी भिंतीत नाहीच. ज्या तापमानाला भिंतीत जागा सापडत नाही, ते तापमान चुकीच्या जोडणीतून आलेलं असतं.

४८६ वॅटवाल्याने शेजारचे तुकडे समांतर जोडले, हे बरोबर केलं. पण दोघांनाही क्षेत्रफळ १० चौरस मीटर दिलं. सूत्रात A आहे, भिंत १० चौरस मीटरची आहे, हाताला सवय लागलेली असते. त्यामुळे थर्माकोलही पूर्ण भिंतभर आणि लाकूडही पूर्ण भिंतभर, म्हणजे १० चौरस मीटरच्या भिंतीत २० चौरस मीटरचा माल बसवला. आपल्या मर्यादेशी ताडून पाहा: पूर्ण लाकडाची भिंतसुद्धा ४२७ वॅटच देते, आणि हे उत्तर त्याच्याही वर गेलंय. समांतर जोडणीत क्षेत्रफळांची बेरीज भिंतीच्या क्षेत्रफळाएवढीच यायला हवी. ही तपासणी तोंडी होते.

आता १३९ वॅट. तिन्ही चुकीच्या उत्तरांत मला हे सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ते १२९ आणि ४२७ च्या मध्ये नीट बसतं. मर्यादेची कसोटी त्याला काहीच करू शकत नाही.

ते आलं कसं ते पाहू. या माणसाने क्षेत्रफळाशिवायचा रोध घेतला, म्हणजे नुसतं L / k. थर्माकोलसाठी २.७८, लाकडासाठी ०.६२५. इन्सुलेशन विकणाऱ्यांच्या कागदांवर बहुधा हाच आकडा असतो, आणि एका चौरस मीटरपुरता तो योग्यही असतो. मग त्याने सरासरी काढली: ९० टक्के थर्माकोल, १० टक्के लाकूड, म्हणून ०.९ गुणिले २.७८ अधिक ०.१ गुणिले ०.६२५, म्हणजे २.५६. दिसायला एकदम न्याय्य. त्याला १० चौरस मीटरने भागून ०.२५६, वीट आणि प्लास्टर मिळवून ०.२८७५, आणि उष्णता १३९.

सरासरी काढायला हरकत नव्हती, पण ती रोधाची काढली. शेजारी असलेल्या वाटांतून वाहणारी उष्णता एकमेकींत मिळते, म्हणून बेरीज होते ती वाहून नेण्याच्या क्षमतेची, म्हणजे रोधाच्या व्यस्ताची. थर्माकोलची क्षमता ०.०३६ × ९ / ०.१ = ३.२४ वॅट प्रति अंश. लाकडाची ०.१६ × १ / ०.१ = १.६. दोन्ही मिळून ४.८४. याचा व्यस्त ०.२०७, हा त्या मधल्या थराचा रोध. वीट आणि प्लास्टर त्याच्या पुढे-मागे आहेत, ते खुशाल मिळवा: ०.२३८. चाळीसला त्याने भागलं की १६८ वॅट.

व्यस्त घ्यायचं विसरणारेही असतात; ४.८४ हाच रोध समजून पुढे गेलं की ८ वॅट येतात. ते मर्यादेच्या इतकं बाहेर आहे की त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

पण १६८ माहीत नसताना १३९ पकडायचं कसं? त्याच उत्तराला कामाला लावून. १३९ वॅट खरे मानले तर विटांत उतरतात ४.० अंश आणि प्लास्टरमध्ये ०.३५. चाळीसातून ते वजा केले की मधल्या थराच्या दोन बाजूंत ३५.६५ अंशांचा फरक उरतो. हा फरक थर्माकोललाही मिळतो आणि लाकडालाही, कारण दोघं त्याच दोन पातळ्यांच्या मध्ये आहेत. मग थर्माकोलमधून किती उष्णता जाईल? ३५.६५ × ३.२४, म्हणजे ११५.५ वॅट. लाकडातून? ३५.६५ × १.६, म्हणजे ५७ वॅट. बेरीज १७२.५. आणि विटांतून तर १३९ च आली होती. मधली ३३ वॅट कुठून उगवली? स्थिर अवस्थेत भिंतीच्या पोटात उष्णता तयारही होत नाही आणि साठतही नाही. हिशोब जमत नाही, म्हणजे जोडणी चुकली.

हीच तपासणी १६८ ला लावा. विटांत ४.८४ अंश, प्लास्टरमध्ये ०.४२, मध्ये ३४.७४. थर्माकोलमधून ११२.६, लाकडातून ५५.६, बेरीज १६८.२. जमलं. जाता जाता एक गोष्ट दिसते, ती कोल्डरूम बांधणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे: क्षेत्रफळाच्या एक दशांश जागेत असलेलं लाकूड एक तृतीयांश उष्णता आत आणतंय.

तर कसोट्या दोन झाल्या. मर्यादेची कसोटी ढोबळ आहे, पण अर्ध्या मिनिटात होते आणि मोठ्या चुका पकडते. उष्णतेच्या जमाखर्चाची कसोटी दोन मिनिटं घेते आणि मर्यादेत लपलेली चूक पकडते. पेपर तपासताना मी या क्रमानेच जातो, कारण बहुतेक चुकीची उत्तरं पहिल्याच चाळणीत अडकतात.

राहिलं १५९ वॅट. हे उत्तर पाहून लाल पेन उचलला जातो, कारण आदर्श उत्तरात १६८ असतं. जरा थांबा. या विद्यार्थ्याने भिंत आरपार दोन भागांत कापली. एक भाग ९ चौरस मीटरचा: त्यात वीट, थर्माकोल, प्लास्टर. दुसरा १ चौरस मीटरचा: वीट, लाकूड, प्लास्टर. प्रत्येक भागात रोध एकामागे एक, म्हणून बेरीज. पहिल्या भागाचा रोध ०.३४३, त्यातून ११६.५ वॅट. दुसऱ्याचा ०.९३७५, त्यातून ४२.७ वॅट. एकूण १५९.२. क्षेत्रफळांची बेरीज १०, उत्तर मर्यादेत, प्रत्येक वाटेत जमाखर्च जमतो. दोन्ही कसोट्या पास.

मग दोन उत्तरं कशी? दोघांनी उष्णतेला आडवं सरकण्याबद्दल वेगवेगळं गृहीत धरलंय. १६८ वाल्याने मानलं की विटांची आतली बाजू सगळीकडे एकाच तापमानाला आहे, म्हणजे उष्णता विटांत कितीही आडवी सरकू शकते आणि लाकडाची सोपी वाट गाठू शकते. १५९ वाल्याने मानलं की ती आडवी अजिबात सरकत नाही. लाकडामागच्या विटांतून येणारीच उष्णता लाकडाला मिळते. त्याच्या हिशोबात लाकडाला टेकलेली वीट ३३.७ अंशांवर आहे आणि तिच्याच शेजारची, थर्माकोलला टेकलेली वीट ४२.३ अंशांवर. साडेआठ अंशांचा फरक असूनही एकीतून दुसरीत काहीच वाहत नाही, असं हे गृहीतक. वीट म्हणजे काही थर्माकोल नाही, प्रत्यक्षात थोडी उष्णता आडवी जाणारच. आणि अमर्याद आडवं सरकणंही खरं नाही. म्हणून खऱ्या भिंतीचं उत्तर १५९ आणि १६८ च्या मध्ये कुठेतरी असतं. हे दोन हिशोब खऱ्या उत्तराच्या दोन बाजूंच्या भिंती आहेत, आणि इथे त्यांच्यातलं अंतर साधारण साडेपाच टक्के आहे. k चे आकडेच त्याहून जास्त हलतात, त्यामुळे कोल्डरूमसाठी कुठलंही घ्या. मशीन निवडायची असेल तर मोठं घ्यावं, एवढंच.

परीक्षेत मात्र प्रश्नात काय लिहिलंय ते पाहावं लागतं. ‘भिंतीला समांतर पातळ्यांवर तापमान एकसमान’ असं दिलं असेल तर १६८. ‘उष्णता फक्त जाडीच्या दिशेने वाहते, आडवी नाही’ असं दिलं असेल तर १५९. काहीच दिलं नसेल आणि विद्यार्थ्याने आपलं गृहीतक स्वच्छ लिहून १५९ काढले असतील, तर मी पूर्ण गुण देतो. गृहीतक न लिहिता काढले असतील तर अर्धा गुण कापतो, कारण त्याला तो काय करतोय हे माहीत होतं की नाही हे मला कळत नाही.

ही दुहेरी मोजणी कधी कधी फक्त गंमत नसते. लाकडी रिपांच्या जागी कुणी लोखंडी चॅनल वापरले असं धरा. लोखंडाचा k साधारण ५०. जाड पत्र्याचे चॅनल, सगळ्यांच्या कापाचं मिळून भिंतीच्या फक्त अर्धा टक्का क्षेत्रफळ, म्हणजे ०.०५ चौरस मीटर, थराच्या आरपार गेलेले. १६८ वाल्या पद्धतीने उत्तर येतं ६०४ वॅट. १५९ वाल्या पद्धतीने १३५ वॅट. दोन्ही हिशोब आपापल्या परीने बरोबर, दोघांचाही जमाखर्च जमतो, आणि त्यांच्यात साडेचारपट फरक. इथे रोधांची कुठलीही जोडणी उत्तर देत नाही. लोखंडाभोवतीच्या विटांतून उष्णता त्याच्याकडे गोळा होत असते आणि ती किती लांबून येते हे द्विमितीय गणित केल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी भिंतीचे बारीक चौकोन पाडून प्रत्येकाचं तापमान सोडवावं लागतं, संगणकावर. म्हणून रोधांचा हिशोब एकाच पद्धतीने करून थांबू नये. दोन्ही पद्धतींची उत्तरं जवळ आली तर कागदावरचा हिशोब पुरे. दूर गेली तर लोखंडी चॅनल आणि विटांच्या मध्ये थर्माकोलची सलग पट्टी घालायला सांगा, मगच पुढची आकडेमोड करा.